रात्रीची अ‍ॅलर्जीची गोळी आणि मावळलेली इच्छा

"अ‍ॅलर्जीच्या गोळीने इच्छा कमी होते का, की माझंच काही बिनसलंय?"

ताई, गोळीचा हात नक्कीच असू शकतो. अंगावर पित्त उठायचं म्हणून मी रोज रात्री हायड्रॉक्सिझिन २५ मिलिग्रॅम घ्यायचे. नऊलाच डोळे मिटायचे, सकाळी तोंड कोरडं पडलेलं असायचं. तसाच कोरडेपणा खालीही, त्यामुळे जवळ येताना दुखायचं आणि मग ते नकोसंच वाटायचं. ही गोळी गुंगी आणते, ओलावाही कमी करते. कोथरूडच्या त्वचेच्या डॉक्टर बाईंनी त्याऐवजी फेक्सोफेनाडिन दिली. ती मेंदूत फारशी पोचत नाही. पाण्याबरोबरच घ्या, फळांच्या रसाने तिचा परिणाम घटतो. मला ३ आठवड्यांत फरक जाणवला. झोपेसाठी रोज अल्प्राझोलामही चालू असेल, तर ती मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.