सल्ला हवा: शेल्फ लाइफच्या गणिताला 300 रुपयांत कॅल्क्युलेटर

खानापूरकर_पोरगी: फूड टेकची परीक्षा सोमवारी. गणित असं: शेंगदाणा चिक्कीला 45 अंशांवर 24 दिवसांत खवट वास येतो, 35 वर 60 दिवसांत. 28 अंशांवर किती टिकेल? दहा अंशांना किती पट फरक पडतो तो आकडा, म्हणजे Q10, मी 24/60 = 0.4 काढला. मोबाईलवर 60 × 0.4^0.7 केलं तर जेमतेम 32 दिवस येतात. परीक्षेत मोबाईल चालत नाही. घात काढणारा कॅल्क्युलेटर सुचवा, 300 च्या आत.

शहापूरचा_संतू: मी खडेबाजारातनं 1400 चा घेतलाय, सहा वर्षं झाली, सेलसुद्धा बदलला नाही. स्वस्तातला घेऊ नकोस.

निपाणी_72: कॅल्क्युलेटर कशाला? 35 वर 60, 25 वर 150. दहा अंशांना 90 दिवस वाढले, तर सात अंशांना 63. उत्तर 123.

चिकोडीची_मावशी: आमचा कुंदा उन्हाळ्यात चार दिवसांत बुरशी धरतोय. त्याला 45 वर ठेवून बघू काय?

लॅबवाला_काका: पोरी, कॅल्क्युलेटरचा दोष नाही. थंड जागी चिक्की 60 पेक्षा कमी टिकते, असं उत्तर आलं तिथंच थांबायचं होतं. टिकण्याचे दिवस असतील तर थंडातले वर, गरमातले खाली: 60/24 = 2.5. रिॲक्शनचा वेग दिला असता तर उलट, गरमातला वर. आता 35 वरनं 28 म्हणजे 7 अंश, घात 0.7. 2.5^0.7 साधारण 1.9, म्हणून 60 × 1.9 = 114 दिवस.

निपाणीकर, 25 चे 150 बरोबर, पण मधली रेघ सरळ नाही, खाली वाकलेली आहे. तुमच्या हिशेबानं पाकिटावर नऊ दिवस जास्त छापले जातील आणि गिऱ्हाईक खवट चिक्की खाईल.

मावशी, 45 वर कुंदा सुकेल, बुरशी बहुतेक धरणारच नाही. गरमात एका कारणानं आणि घरात दुसऱ्याच कारणानं खराब होत असेल, तर हे गणित लावायचंच नाही. कुंदा आहे त्याच हवेत ठेवून रोज बघावा लागतो.

निपाणी_72: नऊ दिवसांनी काय होतंय? आणि एप्रिलात बेळगावात 28 अंश कुठलं?

लॅबवाला_काका: ते खरं. दुकानात 35 गेलं तर 60 च धरा. शिवाय 2.5 हा आकडा 35 ते 45 मधला. 28 पर्यंत तोच राहतो हे गणितात धरून चालतात, प्रत्यक्षात तिथंही एक नमुना ठेवावा लागतो.

हिंडलग्याची_रेखा: संतूभाऊ म्हणतात तसा चांगलाच घे. माझा 900 चा.

खानापूरकर_पोरगी: काका, भागाकारच उलटा होता. कॅल्क्युलेटर घेत नाही, लॉग टेबल परीक्षेत देतात. log 2.5 = 0.3979, गुणिले 0.7 = 0.2785, अँटिलॉग 1.899. उत्तर 114.

चिकोडीची_मावशी: मग कुंद्याच्या डब्यावर तारीख किती घालू? चार का तीन?