मदत हवी आहे: ६४० अभिप्रायांतून तक्रारींचं प्रमाण कसं काढू?

आमचा जळगावला केळी वेफर्सचा घरगुती व्यवसाय आहे. ऑनलाइन विक्रीचे ६४० अभिप्राय एक्सेलमध्ये, एका ओळीत एक असे घेतलेत. मराठी, हिंदी, रोमन लिपी, सगळी सरमिसळ.

आधी शब्द मोजून पाहिला:

```
=COUNTIF(B2:B641,"*तेलकट*")
```

उत्तर ७१ आलं. वाचून पाहिलं तर त्यातले १९ ‘अजिबात तेलकट नाहीत’ अशी स्तुती करणारे निघाले. ‘हाताला तेल लागतं’ लिहिणारे तर मोजलेच गेले नाहीत. म्हणून ती वाट सोडली.

मग RAND() लावून १०० अभिप्राय निवडले. वहिनींनी आणि मी ते वेगवेगळे वाचून खुणा केल्या. ‘चुरा झाला’ ही तक्रार त्यांनी पॅकिंगमध्ये धरली, मी कुरिअरमध्ये. आता दोन्हींचा एकच गट केलाय. एका अभिप्रायात चवीची स्तुती आणि चुऱ्याची तक्रार असेल तर दोन्हीकडे खूण करतो, त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते. ते चालेल.

अडलंय ते खवट वासापाशी. शंभरात फक्त ४ जणांनी लिहिलंय, पण माल परत येतो तो त्यामुळेच. रोज तासभरच वेळ मिळतो. एवढ्यावरून ‘सुमारे ४ टक्के’ म्हणता येईल, की या एका तक्रारीसाठी उरलेले ५४० वाचावेच लागतील?