मदत हवी आहे: टिपच्या डब्यातले पैसे तासांप्रमाणे कसे वाटायचे?

धरमपेठकर
नागपुरात एका हॉटेलात कॅप्टन आहे. टिप एकाच डब्यात जमते, रात्री वाटतो. रविवारी १५०० रुपये निघाले. तिघे वेटर होते. पहिला ११ ते ४, दुसरा १ ते ९, तिसरा संध्याकाळी ५ ते १२. म्हणजे ५, ८ आणि ७ तास. दुपारी आणि संध्याकाळी दोघं-दोघं एकत्र असतात, ते तास कसे धरायचे? तिसरा म्हणून राहिला, "गर्दी माझ्या वेळची, पैसे सगळ्यांना."

संत्रावाला
एकत्र असलेला तास दोघांत अर्धा-अर्धा करा ना. पहिल्याचे साडेतीन, दुसऱ्याचे साडेचार, तिसऱ्याचे पाच. एकूण १३, म्हणजे हॉटेल जितके तास चाललं तितकेच. हिशोब बरोबर जुळतो.

गल्ला_सांभाळणारा
संत्रावाला भाऊ, बेरीज जुळते, पण त्यात प्रत्येक तासाला डब्यात सारखीच टिप पडते असं धरलंय. दोन माणसं ठेवतात तीच गर्दीच्या वेळी. तुमच्या हिशोबाने आठ तास राबणाऱ्याला ५१९ आणि सात तासवाल्याला ५७७. दुसरा पोरगा भांडेल ना बावा.

साधी रीत म्हणजे सगळ्यांचे पूर्ण तास धरा. एकूण २०, तासाला ७५ रुपये. वाटे ३७५, ६०० आणि ५२५.

पण तिसऱ्याची तक्रार खोटी नाही. त्यासाठी ४ वाजता, पहिला घरी जायच्या आधी, डबा सगळ्यांसमोर मोजून वहीत लिहा. समजा ४८० निघाले. तोवर पहिल्याचे ५ तास, दुसऱ्याचे ३, म्हणजे तासाला ६०. उरले १०२०. ४ नंतर दुसऱ्याचे ५, तिसऱ्याचे ७, म्हणजे तासाला ८५. शेवटी पहिल्याला ३००, दुसऱ्याला ६०५, तिसऱ्याला ५९५.

सीताबर्डी_एक्सप्रेस
आमच्याकडे बिलात सर्व्हिस चार्ज लावतात. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर काढावाच लागतो का?

गल्ला_सांभाळणारा
हो, काढावा लागतो. २०२२च्या केंद्रीय नियमावलीप्रमाणे तो आपोआप लावताच येत नाही. पण इथे विषय टिपचा आहे, वेगळा धागा काढा.

धरमपेठकर
धन्यवाद दादा, दोनदा मोजायचं पटलं. दोन अडचणी. एक्सेलमध्ये ५ ते १२ टाकलं की उत्तराच्या जागी नुसते #### दिसतात. आणि ४ ते ५ हॉटेल बंद असतं, दुसरा तेव्हा मीठदाण्या भरतो, टेबलं लावतो. तो तास धरायचा?

गल्ला_सांभाळणारा
रात्री १२ म्हणजे एक्सेलला शून्य, म्हणून वजाबाकी उणे जाते. A2 मध्ये येण्याची, B2 मध्ये जाण्याची वेळ ठेवून हे टाका, आणि त्या रकान्याचा फॉरमॅट वेळेचा न ठेवता साध्या आकड्याचा ठेवा:

```
=MOD(B2-A2,1)*24
```

७ तास २० मिनिटं हाताने लिहाल तर ७.२० नको, ७.३३ लिहा.

४ ते ५ मी धरतो. ती टेबलं लावल्याशिवाय संध्याकाळची टिप येणार कुठून?

संत्रावाला
मी नाही धरणार. त्या तासाचा पगार मालक देतो, गिऱ्हाईक नाही.

धरमपेठकर
तो तास काढला तर तिसऱ्याला ५९५ चे ६४९ होतात. उद्या तिघांना बसवून विचारतो.