मांजराच्या दाताच्या रिपोर्टातलं ‘स्टेज’ अन् ‘टाइप’: मराठीत काय म्हणावं?

सुनंदा, लातूर
आमच्या बोक्याच्या दातांचे एक्स-रे पुण्याला काढून आणले. रिपोर्टात खालच्या डाव्या दाढेला, म्हणजे ३०७ ला, ‘टीआर ४सी, टाइप २’ लिहिलंय अन् उजवीकडच्या ४०७ ला ‘टीआर ३, टाइप १’. ह्यात ग्रेड कोणता धरायचा, चार का दोन? सासूबाई विचारायल्यात कीड किती लागलीय, त्यांना मराठीत कसं सांगू? डावीचा आकडा मोठा पण ती वरून धड दिसायलीय, उजवीला मात्र हिरडीपाशी लाल ठिपका आहे. आणि डावीचा नुसता वरचा भाग कापायचा, उजवी मुळासकट काढायची म्हणतेत, हे उलटं नाही का?

अर्चना, बीड
आमच्या मांजरीलाबी दात पिवळे झाले म्हणून ग्रेड दिला होता, साफ करून घेतले अन् नीट खायला लागली. तुम्हीबी आधी सफाई करून बघा की.

मुजीब, नांदेड
मी माणसांचा डेंटिस्ट आहे. ही कीड नाही, टीआर म्हणजे टूथ रिसॉर्प्शन, शरीराच्याच पेशी दात खातात. मराठीत ‘दातांची झीज’ म्हणा. स्टेज म्हणजे किती खोल गेलंय ते. टाइपचं म्हणाल तर १ सौम्य अन् २ त्याच्या पुढचा असणार. आणि एका बाजूला वरचा भाग कापून भागतंय तर दोन्हीकडं तेच करायला सांगा, मांजराला त्रास कमी.

विठ्ठल, परभणी
मी जनावरांचा डॉक्टर. मुजीबभाई, कीड नाही हे बरोबर, पण टाइप १ पुढं जाऊन टाइप २ होतो असं धरू नका, ती पायरी नाहीच. स्टेजला ‘टप्पा’ म्हणा, टाइपला ‘प्रकार’, अन् ‘ग्रेड’ हा शब्द इथं सोडूनच द्या, त्यानंच दोन्ही आकडे एका मापात बसवावे वाटतेत. टप्प्यावरून कळतं दात किती गेला. तीन म्हणजे खड्डा आतल्या नसेपर्यंत पोचला पण दात बराचसा शाबूत, चार म्हणजे दाताचा बहुतेक भाग गेला. त्यातला ‘सी’ म्हणजे वरच्या भागापेक्षा मूळ जास्त गेलंय, म्हणून सुनंदाताईंना डावी दाढ वरून धड दिसायलीय. ‘बी’ असता तर उलट दिसलं असतं.

प्रकार एक्स-रे वरच कळतो. ४०७ ची फिल्म उजेडात धरून बघा, मुळाच्या कडेनं बारीक काळी रेघ सलग दिसेल अन् मूळ हाडापेक्षा पांढरं, फक्त मानेपाशी काळा खड्डा. हा प्रकार १. मूळ अजून मूळच आहे, त्यात नस आहे, ते ठेवून वरून कापलं तर आत दुखत राहणार अन् पू धरणार, म्हणून पूर्ण काढायचं. ३०७ ला ती रेघ पुसट झालेली किंवा गायबच असंल, मूळ अन् हाड एकाच राखी रंगाचं. ते मूळ हाडात जिरत चाललंय, ओढून काढायला गेलं तर तुकडे पडतेत, जबडाबी मोडू शकतो. तिथं वरचा भाग कापून हिरडीला टाके घालतेत.

मुजीब, नांदेड
हे पटलं. मग टाइप २ दिसला की कापायचंच?

विठ्ठल, परभणी
नाही. मुळाच्या टोकाशी काळा डाग असंल, दाताभोवतीचं हाड सुटलेलं असंल किंवा सगळं तोंड आतून सुजून लाल झालं असंल तर मूळ ठेवत नाहीत, प्रकार २ असला तरी. आणि दोन मुळांच्या दाढेत एक मूळ असं अन् दुसरं तसं निघालं तर त्याला प्रकार ३ म्हणतेत, तिथं प्रत्येक मुळाचा निर्णय वेगळा. अर्चनाताई, तुमच्या मांजरीचं बहुतेक हिरडीचं दुखणं असणार, रिपोर्टात ते ‘पीडी’ म्हणून वेगळं लिहितेत. पण सफाईनं हा खड्डा भरत नसतो. भुलीत हिरडीपाशी टोकदार सुई फिरवली तर कड अडकती, अन् भूल हलकी असंल तर जबडा थरथरतो, तिथं दुखतंय म्हणून.

अर्चना, बीड
आमच्याकडं एक्स-रे काढलेच नव्हते. आता अलीकडं ती एकाच बाजूनं चावायलीय.

विठ्ठल, परभणी
मग काढून घ्या, सगळ्या तोंडाचे. फक्त गालाच्या किंवा जिभेच्या बाजूचा लहान खड्डा फिल्मवर दाताच्या सावलीत लपू शकतो, म्हणून सुईनं तपासणंबी लागतंच.

सुनंदा, लातूर
‘झीज’ म्हटलं की सासूबाईंना हाडं चघळून झिजलं वाटतं. डॉक्टरसाहेब ‘जिरणं’ म्हणाले ते पटकन समजलं त्यांना. मग प्रकार १ ला ‘पोखरणं’ अन् २ ला ‘जिरणं’ म्हणू का?

मुजीब, नांदेड
पोखरणं म्हटलं की परत कीडच डोळ्यापुढं येती.

विठ्ठल, परभणी
येती खरी. दुसरा शब्द मलाबी सुचंना, पण ‘जिरणं’ दोन्हीला लावू नका, नाहीतर उजवीचं मूळबी जिरंल म्हणून कुणीतरी ठेवायला सांगंल.