मदत हवी आहे: इंटिरियरच्या वाढीव कामाचे पैसे आणि मुदत क्लायंटकडे कशी मागू?

ठाण्यात एका टूबीएचकेचं काम चालू आहे. कोटेशन ६,८०,००० चं, सही झालेलं. आता ताई रोज साइटवर येतात आणि ‘एवढं करून टाका ना दादा’ म्हणतात. किचनवरचा लॉफ्ट (२० चौ. फूट, ९५० दराने १९,०००) सुताराने करूनही टाकला. आता लॅमिनेटऐवजी अ‍ॅक्रिलिक शटर हवेत, ६० चौ. फूट, १,६५० दराने ९९,०००. शिवाय हॉलला फॉल्स सीलिंग, १४,३००. दिवस धरले तर लॉफ्ट ३, शटर १४, सीलिंग ५, म्हणजे २२. माणसं चांगली आहेत, संबंध बिघडवायचे नाहीत. पण हा खर्च मला झेपणार नाही.

रंधा: पैसे येईपर्यंत सगळं काम बंद ठेवा. दुसरी भाषा कळत नाही लोकांना.

सातवा मजला: माझ्या घरी कंत्राटदाराने शेवटी दीड लाखाचं एक्स्ट्रा बिल हातात ठेवलं होतं. मी बोलले होते ते सगळं त्यात होतं, पण दर तेव्हाच सांगितला असता तर निम्मं मी केलंच नसतं.

जुना साइट इंजिनिअर: रंधा, फक्त वाढीव काम थांबवायचं. मूळ काम बंद केलंत तर करार तुम्हीच मोडला असं होईल.

आता तुमचा हिशेब. लॅमिनेट शटरचे पैसे कोटेशनमध्ये आहेतच ना? ते वजा करा, नाहीतर ताई तिथेच बोट ठेवतील आणि बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जाईल. दिवसही नुसते मिळवू नका. लॉफ्ट झालाय. शटर कारखान्यातून येईपर्यंत सीलिंग उरकेल, फक्त पेंटरला नंतर बोलवा. लॅमिनेट चिकटवायचे दिवसही वाचतील.

लॉफ्ट वेगळा दाखवा, कारण त्याला मंजुरी आधी घेतलेली नाही.

धागाकर्ता: लॅमिनेट १,२५० दराने ७५,००० धरलं होतं, म्हणजे फरक २४,००० चाच! साइटवरचे ४ दिवस वाचतात, म्हणजे वाढ १० दिवसांची. असं लिहू का?

‘ताई, मूळ कोटेशनबाहेरच्या तीन गोष्टी: लॉफ्ट (झालेला) १९,०००, अ‍ॅक्रिलिकचा फरक २४,०००, सीलिंग १४,३००. सगळं घेतलं तर एकूण ७,३७,३०० आणि ताबा १० दिवस पुढे. नको असेल ते कळवा, ते कमी करतो. शटरची ऑर्डर तुमच्या होकारानंतरच देईन.’

जुना साइट इंजिनिअर: चांगलं आहे. फक्त १० दिवस कधीपासून ते लिहा: ‘शनिवारपर्यंत होकार आणि शटरचा अ‍ॅडव्हान्स मिळाला तर’. पंधरा दिवसांनी हो म्हणाल्या तर उशीर तुमच्या माथी नको. सोबत सुधारित कोटेशन जोडून त्यावर सही घ्या.

रंधा: आणि लॉफ्टचे नाही दिले तर? लिहून कुठे घेतलंय?

जुना साइट इंजिनिअर: १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० आहे. फुकट करायच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ घेतला तर मोबदला द्यावा लागतो. पण १९,००० साठी कोर्टात कोण जातं? ताईंनी लॉफ्ट मागितल्याचा मेसेज असेल तर जपून ठेवा.

धागाकर्ता: मेसेज नाही, तोंडीच होतं. काल पाठवलं. अ‍ॅक्रिलिकला होकार आला, सही केलेला कागदही आला. सीलिंग नको म्हणाल्या. लॉफ्टबद्दल अजून काहीच बोलल्या नाहीत.