मदत हवी आहे: विज्ञान दिनाचं भाषण, हायब्रिड गाडी इंधन कसं वाचवते

चाफेकळी
परवा शाळेत विज्ञान दिन आहे आणि मुलाला विषय मिळालाय "हायब्रिड गाडी इंधन कसं वाचवते". नेटवर सापडतं ते एक तर गाडीची जाहिरात, नाहीतर इंजिनियरिंगच्या नोट्स. दोन्ही त्याच्या तोंडी बसत नाही. कुणीतरी सोप्या मराठीत लिहून द्या, आज रात्रीपर्यंत मिळालं तर पाठ करायला एक दिवस राहील.

स्पॅनर
मुलगा कितवीत आहे? वेळ किती मिनिटं? सोबत काही दाखवायची परवानगी आहे का? आणि कुठल्या प्रकारची हायब्रिड? हे कळल्याशिवाय काय लिहिणार?

घाटवाट
एवढं कशाला विचारताय, सोपं आहे. ताई, लिहा: ही गाडी चालता चालता चाकांवर स्वतःची बॅटरी चार्ज करते आणि मग त्या बॅटरीवर फुकट चालते. त्यामुळे हायवेला तर पेट्रोल जवळजवळ लागतच नाही.

खडूफळा
ताई, हे लिहू नका. पुढच्या बाकावरचा एखादा मुलगा विचारेल, "मग ही ऊर्जा आली कुठून?" आणि तुमचा मुलगा अडकेल. ज्या हायब्रिडला घरी प्लग लावत नाहीत, तिच्या बॅटरीतला प्रत्येक थेंब शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच आलेला असतो. ती ऊर्जा तयार करत नाही, वाया जाणारी ऊर्जा अडवते. आणि हायवेला एकसारख्या वेगाने चाललात तर ब्रेकच लागत नाही, मग अडवायला काही उरतच नाही. म्हणून हिचा खरा फायदा शहरात दिसतो, हायवेला कमी.

ऊसतोड
धागा चांगला आहे. माझं रोजचं साठ किलोमीटर आहे, सगळा हायवे. हायब्रिड घेऊ की डिझेल? आणि आठ वर्षांनी बॅटरीचं काय?

स्पॅनर
दादा, खडूफळांच्या प्रतिसादात तुमचं निम्मं उत्तर आलंय. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे मुलाचं भाषण अडलंय.

चाफेकळी
सहावी, सेमी इंग्लिश, भाषण मराठीतच. तीन मिनिटं. छोटी वस्तू दाखवलेली चालेल असं बाई म्हणाल्या. कुठली हायब्रिड म्हणजे? शेजाऱ्यांच्या गाडीवर मागे हायब्रिड लिहिलंय, तीच ना?

स्पॅनर
तिथेच गोम आहे. काही गाड्यांत फक्त बेल्टवर फिरणारी छोटी मोटर असते. ती सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पटकन चालू करते, वेग घेताना जरा हात लावते, पण एकटी गाडी ओढू शकत नाही. तिला माइल्ड हायब्रिड म्हणतात. दुसरी स्ट्राँग हायब्रिड, तिच्यात मोटर एकटीच गाडी ओढते, इंजिन बंद असतानाही. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरचं स्ट्राँग मॉडेल किंवा सिटीची ई-एचईव्ही या जातीच्या. जगात मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली म्हणजे प्रियस, डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये आली. भाषण स्ट्राँगवर करा आणि पहिल्याच वाक्यात तसं सांगा, नाहीतर कुणीतरी हात वर करून म्हणेल, "आमच्या गाडीत असं होत नाही."

खडूफळा
सहावीला तीन मिनिटांत एकच गोष्ट नीट पोचते. माझं मत, ब्रेक घ्या. आकडा असा धरा: गाडी 1200 किलोची, वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला बरोबर 10 मीटर. गतीची ऊर्जा अर्धा गुणिले 1200 गुणिले 10 चा वर्ग, म्हणजे 60 हजार ज्यूल. एक मिलिलिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 हजार ज्यूल असतात, पण शहरात इंजिन त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकांना देतं, म्हणजे 8 हजार. 60 भागिले 8, साडेसात मिलिलिटर. चहाचा दीड चमचा.

साध्या गाडीत सिग्नलला ब्रेक दाबला की हा दीड चमचा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जातो. हायब्रिडमध्ये मोटर उलटी वापरली जाते, ती जनित्र होते आणि गाडी थांबवता थांबवता वीज बॅटरीत भरते. बॅटरीत जाताना आणि परत येताना गळती होते, म्हणून ढोबळमानाने निम्मंच हाती लागतं. पाऊण चमचा. वीस सिग्नलचे पंधरा चमचे, म्हणजे 75 मिलिलिटर. हिशोब मुलाने फळ्यावर करायची गरज नाही, चमचे बोलले की पुरे.

स्पॅनर
सर, हिशोब बरोबर आहे, पण ब्रेकला तुम्ही जास्त श्रेय देताय. त्याच वीस सिग्नलवर प्रत्येकी 45 सेकंद थांबलात तर पंधरा मिनिटं झाली. लहान पेट्रोल इंजिन नुसतं घुरघुरत उभं राहिलं तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. पंधरा मिनिटांचे सव्वाशे ते जवळजवळ एकशे नव्वद मिलिलिटर. ब्रेकच्या दुप्पट!

खडूफळा
पण सिग्नलला इंजिन बंद करणं साध्या स्टार्ट-स्टॉपच्या गाडीलाही जमतं. ते हायब्रिडचं वैशिष्ट्य कसं?

स्पॅनर
स्टार्ट-स्टॉप गाडी उभी असेपर्यंतच. ट्रॅफिकमध्ये दोन-दोन मीटर सरकायचं असतं तेव्हा तिचं इंजिन पुन्हा सुरू होतं, स्ट्राँगचं बंदच राहतं. आणि सगळ्यात मोठी बचत आपण दोघांनीही सोडली. संथ चालताना इंजिनचा श्वासाचा दरवाजा जवळजवळ बंद असतो, हवा ओढण्यातच त्याची ताकद जाते. अशा वेळी ते चौथा हिस्साही देत नाही. हायब्रिड इंजिनला अशा हलक्या कामाला लावतच नाही. लावलं तर चांगलं राबवते आणि जास्तीची ताकद बॅटरीत ठेवते.

तव्यावरची
हे मुलांना असं सांगा: एक कप चहासाठी हॉटेलची भट्टी कुणी पेटवत नाही. पेटवलीच तर वीस कप करून थर्मासमध्ये भरायचे, भट्टी विझवायची आणि थर्मास संपेपर्यंत त्यातलाच द्यायचा. भट्टी म्हणजे इंजिन, थर्मास म्हणजे बॅटरी.

स्पॅनर
यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं. फक्त थर्मास छोटा आहे हे सांगा. ग्रँड व्हिटारा स्ट्राँगची बॅटरी पाऊण युनिटची आहे. आपल्या विजेच्या बिलातलं युनिट.

घाटवाट
मग घाट उतरताना तरी फुकट ना? लोणावळ्याहून खोपोलीला उतरलं की बॅटरी फुल्ल.

स्पॅनर
फुल्ल होते, तीच अडचण. उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. 1200 किलोची गाडी तेवढी खाली आली की पावणेदोन युनिटहून थोडी जास्त ऊर्जा सुटते. हवेच्या रोधात आणि टायरमध्ये काही जाते, तरी उरलेली पाऊण युनिटच्या बॅटरीत मावत नाही. शिवाय बॅटरी टिकावी म्हणून गाडी तिला काठोकाठ भरू देत नाही. ती भरली की पकडणं थांबतं. मग पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिनचा आवाज चढतो. तो बिघाड नाही, गाडी पेट्रोल न देता इंजिन नुसतं फिरवून वेग आवरत असते.

चाफेकळी
दादा, सर, तुमचं भांडण वाचून मलाच समजलं, पण भाषण अजून नाहीच!

खडूफळा
घ्या. तव्यावरची यांची भट्टी आणि माझे चमचे, दोन्ही आहेत.

"नमस्कार. माझ्या हातात एक चमचा आहे. शहरात ताशी 36 किलोमीटरने चाललेली गाडी लाल सिग्नलला थांबते, तेव्हा असं दीड चमचा पेट्रोल वाया जातं. कुठे जातं? ब्रेक गरम होतो, त्या उष्णतेत. हात चोळले की गरम होतात, तसंच.

आज मी त्या हायब्रिड गाडीबद्दल बोलणार आहे, जिची मोटर एकटी गाडी ओढू शकते आणि जिला घरी प्लग लावत नाहीत. ही गाडी ब्रेक दाबल्यावर मोटर उलटी वापरते. मोटरला वीज दिली की चाक फिरतं. चाकाने मोटर फिरवली की वीज मिळते. आता हे पाहा. (प्रयोग)

दिवा लागला आणि चाकही जड झालं. म्हणजे वीज काढली की चाक आवरतं. गाडी थांबली आणि वीज बॅटरीत गेली. सगळी नाही, साधारण निम्मी. सिग्नल हिरवा झाला की याच विजेवर गाडी निघते, इंजिन झोपलेलंच असतं.

दुसरी बचत सांगतो. एक कप चहासाठी आपण हॉटेलची भट्टी पेटवत नाही. पेटवली तर वीस कप करून थर्मासमध्ये ठेवतो आणि भट्टी विझवतो. मोठं इंजिन संथ ट्रॅफिकमध्ये चालवणं म्हणजे एका कपासाठी भट्टी. हायब्रिड गाडी इंजिन थोडा वेळ जोमाने चालवते, उरलेली ताकद बॅटरी नावाच्या थर्मासमध्ये ठेवते आणि इंजिन बंद करते.

ही गाडी फुकट चालते का? नाही. सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. म्हणून जिथे सिग्नल जास्त, तिथे बचत जास्त. मोकळ्या हायवेला कमी. धन्यवाद."

प्रयोगासकट तीन मिनिटांत बसेल.

चाफेकळी
मनापासून आभार! पण प्रयोग म्हणजे काय करायचं?

स्पॅनर
इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात "बीओ मोटर चाकासकट" मागा, पिवळी, रोबोटिक्सच्या तासाला वापरतात ती. सोबत एक लाल एलईडी. पांढरा घेऊ नका, त्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि हाताच्या वेगाने तो सहज लागणार नाही. एलईडीचे दोन पाय मोटरच्या दोन वायरींना जोडा आणि चाक हाताने जोरात फिरवा, सेकंदाला एका फेऱ्यापेक्षा जास्त.

जडपणा दाखवायला एलईडी पुरत नाही, तो फार कमी वीज घेतो. एलईडी काढा, दोन्ही वायरी उघड्या ठेवून चाक फिरवा, मग वायरींची टोकं एकमेकांना टेकवून फिरवा. दुसऱ्या वेळी बोटांना स्पष्ट जड लागतं. पहिल्या रांगेतल्या एका मुलालाच फिरवायला द्या.

खडूफळा
मग भाषणात "दिवा लागला आणि चाकही जड झालं" हे दुरुस्त करावं लागेल. "दिवा लागला. आता वायरी टेकवतो, चाक जड झालं" असं म्हणू दे.

चाफेकळी
मोटर आणली. दिवा लागतच नाही!

स्पॅनर
चाक उलट्या दिशेने फिरवा. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो.

चाफेकळी
लागला!! मुलगा आता जेवायला उठत नाहीये. एकच राहिलं: बाईंनी विचारलं की ब्रेक आणि भट्टी यातली मोठी बचत कुठली, तर काय सांगायचं?

खडूफळा
ब्रेक.

स्पॅनर
भट्टी. गाडी, रस्ता, एसी, सगळ्यावर अवलंबून आहे, पण मी भट्टीच म्हणेन.

ऊसतोड
आणि बॅटरीचं?