मदत हवी आहे: शेवटच्या रात्री युनिटचे आभार कसे मानू?

यावलजवळ केळीच्या बागेत आमच्या कॉलेजच्या शॉर्टफिल्मचं शूटिंग चालू आहे. उद्या शेवटची रात्र. पॅकअपनंतर भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, तेव्हा दिग्दर्शक म्हणून मला दोन शब्द बोलायचेत. पैसे कुणालाच दिलेले नाहीत, त्यामुळे "सर्वांचे आभार" एवढ्यावर भागणार नाही.

प्रत्येकाचं एकेक नेमकं काम सांगायचं ठरवलंय. साउंडवाला पोरगा रोज सीन संपल्यावर सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करून नुसती शांतता रेकॉर्ड करायचा. आम्ही हसायचो. एडिटिंगला बसल्यावर कळलं, संवादांमधले तुकडे त्याच आवाजाने सांधले जातात.

अडचण शेतमालक आप्पांची आहे. शेतीची लाईट रात्रीच येते, तरी आमच्या आवाजासाठी त्यांनी तीन रात्री मोटर बंद ठेवली. हे चारचौघांत सांगितलं तर ते उठून जातील, असा माणूस! अहिराणीत बोलू का? माझी अहिराणी मोडकी आहे.

शिवाय लाईटवाल्याचा टेम्पो पॅकअप होताच निघतो. मग जेवणाआधीच बोलावं का? पण तेव्हा कॅमेऱ्याची कार्डं कॉपी करणारी पोरगी लॅपटॉपसमोर अडकलेली असते, आणि तिला वगळायचं नाहीये. तुम्ही काय केलं असतं?